आमटी तीच, नाक बंद

घरात कुणाला सर्दी झाली की स्वयंपाक करणाऱ्याला एक शेरा हमखास ऐकावा लागतो: आज आमटी पुचाट झालीये. बाकीची मंडळी तीच आमटी भुरकत असतात, त्यांची काही तक्रार नसते. मग मीठ मागितलं जातं, लोणच्याची बरणी पुढे ओढली जाते आणि अखेर ‘माझ्या जिभेची चवच गेलीये’ असं निदान करून ताट सरकवलं जातं. हे निदान चुकीचं आहे. साध्या सर्दीत जीभ जवळजवळ ठणठणीत असते. बंद पडतं ते नाकाचं एक काम, आणि तेसुद्धा असं, की ते नाक करतं याचा एरवी आपल्याला पत्ताही नसतो.

आमटीचंच बघू. तुरीची डाळ, गूळ, आमसूल, मीठ, लाल तिखट, गोडा मसाला, वर हिंग-मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि भातावर वाढल्यावर चमचाभर तूप. यातलं जिभेला स्वतःच्या बळावर किती कळतं? गुळाची गोडी कळते, आमसुलाचा आंबटपणा कळतो, मीठ कळतं. फोडणीत मेथीदाणे असतील तर पुसटसा कडवटपणा कळतो. जिभेवरच्या रुचिकलिका मुळात पाचच गोष्टी ओळखतात. गोड, आंबट, खारट, कडू या चार आणि पाचवी उमामी, म्हणजे मटणाच्या रश्शाला, सुकटीला किंवा पिकलेल्या टोमॅटोला जो एक भरीवपणा असतो तो. तिखट या यादीत नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन रुचिकलिकांना नव्हे, तर उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना चेतवतं. तोंड ‘भाजतं’ असं आपण म्हणतो ते शरीराच्या दृष्टीने अगदी खरं असतं. हे तंतू तोंडात, नाकात, डोळ्यांत सगळीकडे असतात, म्हणून मिरची कांडताना डोळेही चुरचुरतात.

आता उरलेल्या जिनसा बघा. गोड्या मसाल्यातलं दगडफूल, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, दालचिनी, लवंग. फोडणीतला हिंग आणि कढीपत्ता. कढवलेल्या तुपाचा खमंगपणा. यांतल्या एकाचीही खरी ओळख जिभेला नसते. तुपाचा स्निग्धपणा तोंडाला जाणवतो, लवंग थोडी चुरचुरते, पण लवंग ती लवंग आणि दालचिनी ती दालचिनी हे ठरतं वासावरून. सर्दी झालेल्या माणसाच्या वाटीत म्हणून काय उरतं? गोड, आंबट, खारट, तिखट असं एक गरम, दाटसर पाणी. त्याला आमटीऐवजी सांबार वाढलं, तरी दोन्हींत फरक सांगताना तो अडखळेल, असं मी छातीठोकपणे म्हणेन.

यावर कुणी म्हणेल, वास तर जेवायच्या आधी घेतो आपण. घास तोंडात गेल्यावर वासाचा काय संबंध? खरी गंमत इथेच आहे. नाकाला दोन दारं आहेत. पुढचं दार म्हणजे नाकपुड्या. फोडणीचा वास स्वयंपाकघरातून येतो तो या दाराने, श्वास आत घेताना. दुसरं परसदार. पडजिभेच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला, तोंड आणि नाक एकमेकांना आतून जोडलेले असतात. पाणी पिताना अचानक हसू आलं की ते नाकातून बाहेर येतं, ते याच वाटेने. अन्नाचा वास या परसदारानेही नाकात शिरतो, पण श्वास घेताना नाही, सोडताना. शास्त्रज्ञ याला ‘रेट्रोनेझल’ म्हणजे नाकाच्या मागल्या बाजूने येणारा वास म्हणतात.

वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या अगदी वरच्या टोकाला असतात, साधारण दोन डोळ्यांच्या मधल्या उंचीवर, नाकपुडीपासून सुमारे 7 सेंटिमीटर आत. तिथे एक अरुंद फट आहे, रुंदी जेमतेम 1 ते 2 मिलिमीटर. तिच्या छताला आणि भिंतींना गंधपेशींचा छोटासा पट्टा चिकटलेला असतो. माणसाच्या या पेशींमध्ये सुमारे 400 प्रकारचे ग्राही असतात, आणि प्रत्येक पेशीवर सहसा त्यांतला एकच प्रकार. या ग्राहींमागचं जनुकांचं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 साली शोधलं, त्यासाठी 2004 साली त्यांना नोबेल मिळालं. जिभेच्या पाच खुणांसमोर हे 400 ठेवून बघा. गोडा मसाला आणि काळा मसाला वेगळे ओळखायचे कुणी, या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं.

घास चावताना आत काय चालतं, ते थोडं सावकाश पाहू. दातांखाली अन्नाचे कण फुटतात, लाळ मिसळते, तोंडाच्या उबेने वासाचे हलके रेणू सुटे होऊन तोंडातल्या हवेत जमू लागतात. चावताना त्यांतले थोडे मागे नाकाकडे सरकतातही. मग आपण घास गिळतो. गिळण्याच्या त्या क्षणभरात श्वास थांबतो आणि मऊ टाळू वर उचलली जाऊन परसदार घट्ट लावून घेते, नाहीतर अन्न नाकात चढलं असतं. घास खाली उतरला की टाळू खाली येते, दार उघडतं आणि बहुतेक वेळा लगेच उच्छ्वास होतो. घशाच्या भिंतींवर अन्नाचा जो पातळ थर राहिलेला असतो, त्याच्यावरून ही हवा जाते, वासाचे रेणू उचलते आणि मागून वर त्या अरुंद फटीपर्यंत पोचवते. घास गिळल्यावर जो ‘वा!’ उमटतो, तो बराचसा या एका छोट्या उच्छ्वासाचा असतो. प्रत्येक घासाला हे घडतं आणि आपल्याला त्याची जराही जाणीव नसते.

जाणीव नसण्याचं कारण मेंदूत आहे. जीभ सांगते गोड-आंबट, गाल आणि टाळू सांगतात गरम, मऊ, स्निग्ध. त्याच क्षणी नाक सांगतं हिंग, खोबरं, कढीपत्ता. मेंदू या सगळ्या बातम्या एकत्र बांधतो आणि गाठोडं ठेवतो तोंडात. म्हणून वेलदोड्याचा वास आपल्याला नाकात येत नाही, श्रीखंडात ‘लागतो’. हा भ्रम इतका पक्का आहे की सगळं कळूनही मोडत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी 1982 साली मांडलं होतं की वास हे एकच इंद्रिय दोन वेगळी कामं करतं: बाहेरच्या जगातल्या वस्तू ओळखणं आणि तोंडातल्या वस्तू ओळखणं. त्यांच्या प्रयोगात लोकांना काही अनोळखी पदार्थांचे वास आधी नाकाने हुंगून ओळखायला शिकवलं गेलं. तेच वास नंतर तोंडाच्या वाटेने आले तेव्हा ते ओळखताना लोक गोंधळले. वास तोच, पण वाट बदलली की मेंदूला तो वेगळा भासतो. कॉफीचा नुसता वास ज्यांना प्रिय आणि कॉफी मात्र नकोशी, अशा लोकांच्या तक्रारीत कडवटपणाबरोबर याचाही वाटा असावा.

हे सगळं घरी पडताळून बघायला पाच मिनिटं लागतात. दोन वाट्यांत थोडी पिठीसाखर घ्या. एकीत चिमूटभर वेलदोड्याची पूड मिसळा, दुसरीत किसलेलं जायफळ. डोळे मिटा, दुसऱ्या कुणाला तरी कोणतीही एक वाटी निवडून चमच्याने भरवायला सांगा. चमचा जवळ येण्याआधीच नाक चिमटीत घट्ट धरा आणि चघळून होईपर्यंत सोडू नका. दोन्ही वेळा लागेल ती साखर, आणि साखरच. फार तर वेलदोड्याच्या वेळी किंचित गार वाटेल, कारण त्यातला सिनिओल हा घटक थंडावा ओळखणाऱ्या तंतूंना चेतवतो. तो वास नव्हे. आता घास तोंडात असतानाच चिमटी सोडा आणि नाकाने श्वास बाहेर टाका. वेलदोडा एकदम ‘पेटतो’. तोंडात नवीन काहीच गेलेलं नसतं. बदलली असते फक्त हवेची वाट.

या प्रयोगात एक बारकावा आहे, आणि सर्दी समजायला तोच कळीचा. आपण चिमटीत धरतो नाकाचं पुढचं टोक. परसदार तर उघडंच असतं. मग वास मागून वर का जात नाही? कारण पुढून बाहेर पडायला वाट नसली की नाकातली हवा जागच्या जागी थबकते. तोंडातले रेणू वर उचलून न्यायला वाहती हवा लागते. वाहणं थांबलं की वास थांबला. वाट कुठल्या टोकाला बंद झाली, याला महत्त्व नाही.

सर्दीत ही वाट आतून बंद होते. आपण समजतो की नाक शेंबडाने भरलं म्हणून चोंदलं, पण शिंकरूनही ते मोकळं होत नाही हा अनुभव सगळ्यांना आहे. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना हाडांच्या वळणदार पाळ्या असतात आणि त्यांच्यावरचं अस्तर रक्तवाहिन्यांच्या जाळ्याने भरलेलं असतं. विषाणू आत शिरला की शरीर जी दाहाची प्रतिक्रिया देतं, तिच्यात हे जाळं रक्ताने फुगतं आणि पाळ्या एकमेकींना भिडायला लागतात. आता ती गंधाची फट किती रुंद होती ते आठवा. नाक धडधाकट असतानाही साध्या श्वासातल्या हवेचा साधारण दहावा हिस्साच तिथवर पोचतो. तिथे भिंती मिलिमीटरभर सुजल्या तरी काम थांबतं. त्यात आपण तोंडाने श्वास घेऊ लागतो, आणि घास गिळल्यानंतरचा तो मोलाचा उच्छ्वास नाकाकडे न जाता सरळ तोंडावाटे निघून जातो. वासाचे रेणू सुटतात, पण फुकट जातात.

वास येण्याआधी त्या रेणूंना गंधपेशींवरच्या पातळ चिकट थरात विरघळावं लागतं. सर्दीत हा थर दाट होतो, त्याची घडण बदलते आणि पेशींभोवती दाह असतो. म्हणून नाकात थेंब टाकून श्वास मोकळा झाला तरी चव त्याच मिनिटाला परत येईलच असं नाही. हवेची वाट उघडते, पण शेवटच्या टोकाची सूज ओसरायला वेळ लागतो. बहुतेकांना आठवड्या-दोन आठवड्यांत सगळं पूर्ववत होतं.

मेंथॉलच्या बामाबद्दलही सांगायला हवं, कारण आपल्याकडे सर्दी म्हटली की त्याची डबी आलीच. बाम लावला की नाक उघडल्यासारखं वाटतं. ब्रिटनमध्ये कार्डिफ इथे सर्दीवर संशोधन करणाऱ्या रॉन एकल्स यांनी हवेच्या प्रवाहाला नाकात होणारा अडथळा मोजून दाखवलं, की मेंथॉलने तो कमी होत नाही. ते फक्त थंडावा ओळखणाऱ्या तंतूंना चेतवतं, आणि मेंदू त्या गारव्याचा अर्थ ‘हवा छान वाहतेय’ असा लावतो. आराम वाटत असेल तर बाम जरूर लावावा, मात्र त्याने आमटीला चव येईल ही आशा ठेवू नये.

‘चवीतला 80 टक्के भाग वासाचा असतो’ असं वाक्य जागोजागी छापलेलं दिसतं. कधी 80, कधी 90, कधी 95. हे आकडे ठोकताळे आहेत. कुठल्या पदार्थाबद्दल बोलतो आहोत, हे सांगितल्याशिवाय त्यांना अर्थच नाही. मिठाच्या खड्यात वासाचा वाटा शून्याच्या जवळ आहे. हापूसमध्ये तो प्रचंड आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी हापूसच्या गंधद्रव्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. कैरीत हिरवट, उग्र वासाची टर्पिनं भरपूर असतात. फळ पिकतं तसे लॅक्टोन आणि फ्युरॅनोन गटातले घटक तयार होतात, आणि पिकल्या हापूसची ती ओळखीची दरवळ यांच्याशिवाय होत नाही. हे सगळं नाकाचं खातं. जिभेच्या वाट्याला येते साखर आणि थोडं आम्ल. ऐन मे महिन्यात सर्दी झालेल्याने हापूसची पेटी फोडू नये, हा माझा प्रामाणिक सल्ला. त्या दिवसांत कुठलाही गोड आंबा त्याला सारखाच लागेल आणि खिसा मात्र तेवढाच हलका होईल.

त्यापेक्षा नाकाच्या मदतीशिवाय जे उभं राहतं ते खावं. कढत टोमॅटोचं सार, लिंबू पिळलेली मुगाची खिचडी आणि बरोबर कुरकुरीत पोह्याचा पापड, आल्याचा तुकडा, मिरपूड, आमसुलाचं सार. आंबट, तिखट, गरम आणि कुरकुरीत या चार गोष्टी सर्दीतही तोंडाला पूर्ण कळतात. आजारपणात घरोघरी हेच पदार्थ होतात, ते उगाच नव्हे. मीठ मात्र वाढवू नये. खारटपणा जिभेला पूर्वीइतकाच कळत असतो. कमी असतो तो वास, आणि तो मिठाने भरून निघत नाही. रक्तदाब असलेल्यांनी तर सर्दीत मिठाच्या बरणीपासून लांबच राहावं.

सर्दी ओसरूनही चव परतली नाही, तर नेमकं काय गेलंय ते आधी तपासावं. जिभेवर मिठाचा कण ठेवा, मग चूळ भरून साखरेचा, मग लिंबाचा थेंब. तिन्ही नीट कळले तर जीभ शाबूत आहे आणि शोध नाकाचा घ्यायचा. तिन्हीही कळले नाहीत, किंवा तोंडात सतत धातूसारखी, कडू चव रेंगाळत असेल, तर प्रकरण वेगळं. काही औषधांनी असं होतं. जुलाबावर दिलं जाणारं मेट्रोनिडॅझोल त्यासाठी प्रसिद्धच आहे.

नाकाच्या बिघाडातही फरक असतो. एक बिघाड वाटेचा, म्हणजे सूज, शेंबूड, वाकडा पडदा किंवा नाकात वाढलेले मऊ कोंब, ज्यांना पॉलिप म्हणतात. पॉलिप असलेल्या काही रुग्णांमध्ये विचित्र गोष्ट दिसते. फूल हुंगलं तर त्यांना काहीच कळत नाही, पण जेवणाची चव बऱ्यापैकी लागते. पॉलिपने गंधाच्या फटीचा पुढचा भाग अडवलेला असतो, मागचा मोकळा असतो; पुढचं दार बंद आणि परसदार चालू. दुसरा बिघाड खुद्द गंधपेशींच्या पातळीवरचा. काही विषाणू तिथेच घाला घालतात. कोविडमध्ये नाक अजिबात चोंदलेलं नसताना लोकांचा वास गेला, तो म्हणूनच साध्या सर्दीपेक्षा वेगळा होता. तिथे विषाणूने मुख्यतः गंधपेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना गाठलं होतं. गंधपेशी नव्याने तयार होऊ शकतात, त्यामुळे बहुतेकांचा वास परत आला. पण काहींना मधल्या काळात कॉफी, कांदा, तळलेले पदार्थ असह्य घाण वासाचे लागू लागले. नव्या पेशींची जोडणी नीट बसेपर्यंत असं होऊ शकतं.

अशा रुग्णांना डॉक्टर वासाचा सराव करायला सांगतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी काही सेकंद लक्ष देऊन हुंगायचे असतात, आणि हे 12 आठवडे चालू ठेवायचं असतं. सगळ्यांना गुण येतो असं नाही. पण खर्च जवळपास नाही आणि अपायही नाही, म्हणून कान-नाक-घशाचे डॉक्टर तो आवर्जून सुचवतात.

औषधाच्या दुकानातून आणलेले नाक मोकळं करणारे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत. रक्तवाहिन्या आकसवून सूज उतरवणारे हे थेंब जास्त दिवस टाकले, तर त्यांचा अंमल उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस थेंबांवरच अवलंबून राहतो. सर्दी जाऊन दोन-तीन आठवडे झाले तरी वास येत नसेल, किंवा नाक एकाच बाजूने सतत बंद राहत असेल, रक्त येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. आणि नाक बंद आहे तोवर घरातल्या दुसऱ्या कुणालातरी दूध आणि शिळं अन्न हुंगून बघायला सांगा, रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद आहे ना ते डोळ्यांनी तपासा. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र द्रव्य मुद्दाम मिसळलेलं असतं, आणि चोंदलेल्या नाकाला ते कळत नाही.